बेज, ग्रेज की टोप? आधी फरशीला विचारा

मंडळी, हे तीन रंग एकत्र कसे वापरायचे ते सांगतो असं कबूल केलंय. पण ते ओळखायचे कसे यावर आधी बोलू, कारण घोटाळा तिथंच होतो. घरची मंडळी बेज म्हणतात, पेंटर क्रीम म्हणतो आणि बिलावर तिसरंच काहीतरी छापलेलं असतं.

शेड कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. बेज लगेच पिवळसर किंवा गुलाबीसर दिसेल. ग्रेजमध्ये राखाडी मिसळलेला असतो, त्यामुळं तो हिरवट किंवा जांभळट झाक लपवून बसतो. टोप तपकिरी-राखाडी, बहुधा गडद, आणि त्यात बरेचदा गुलाबी-जांभळी छटा असते. तरी कळेना, तर त्याच पट्टीवरची सर्वांत गडद शेड बघा. फिक्या शेडची लपलेली झाक तिथं उघडी पडते.

आता माझी जुनी तक्रार. रंग दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली, बोटभर चौकोनावरून निवडतात, आणि फरशीचा विचारच नाही! समजा, हॉलला खाली कोटा आहे. कोटा हिरवट-राखाडी असतो. त्यावर गुलाबीसर बेज लावलं, की हिरवा आणि गुलाबी एकमेकांना चढवतात; फरशी जास्त हिरवी दिसते आणि भिंत थेट जखमेवरच्या पट्टीच्या रंगाची. (हसू नका, अशा भिंती राजारामपुरीतही सापडतील.) तिथं हिरवट-पिवळसर झाकेचा ग्रेज हवा.

खात्री करायची तर दोन बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड घ्या, पांढरा प्रायमर मारा, त्यावर रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओला रंग वाळल्यावर बदलतो. मग फळी फरशीला टेकवून उभी ठेवा. आडवी ठेवली तर तिच्यावर भिंतीसारखा उजेड पडत नाही. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री घरातले दिवे लावून बघा. ६५०० केल्विनच्या एलईडीखाली ग्रेज सिमेंटसारखा थंड होतो, ३००० च्या दिव्याखाली बेज पिवळं पडतं, ४००० बरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ढगाळ उजेडाला निळसर कल असतो, म्हणून श्रावणात पसंत केलेली शेड ऊन पडल्यावर परत बघा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत म्हणे. तर कबूल केलेलं भराभर सांगतो. याच हॉलमध्ये भिंती ग्रेज, पडदे पिवळसर बेज आणि सोफा टोप. मात्र टोप तपकिरीकडं झुकणारा घ्या. जांभळट घेतला तर कोट्याशी पुन्हा तेच भांडण. तिन्ही नमुने शेजारी ठेवून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. सगळे एकाच राखाडीत विरले, तर खोली सपाट दिसणार. मग सोफा गडद करा किंवा पडदे फिके. पोतही वेगवेगळे ठेवा : जाड खादी, ज्यूट, आणि सोफ्यावर एखादी काळी घोंगडी. छत विसरू नका. निळसर पांढऱ्याखाली बेज मळकट दिसतं, तिथं किंचित पिवळसर पांढराच लावा.