पत्रात नसलेला आकडा

(पेरोल आणि एचआरमध्ये काम करणाऱ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अप्रेझलची पत्रं वाटून झाली की एचआरला हुश्श वाटतं. नेमका तेव्हाच पेरोलचा घाम निघायला लागतो. कुणीतरी पत्रांचं फोल्डर पाठवतं आणि वर एक ओळ लिहितं : ‘यातून चेंज लिस्ट बनवून घ्या.’ ऐकायला सोपं आहे. पत्र उघडायचं, नवा बेसिक बघायचा, यादीत उतरवायचा, पुढचं पत्र.

मी आज फक्त एकाच प्रकारच्या पत्राबद्दल बोलणार आहे. ज्यात इन्क्रिमेंट आणि प्रमोशन दोन्ही आहेत, आणि दोन्हींच्या तारखा वेगळ्या आहेत, असं पत्र. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकतात. शंभर साधी पत्रं बरोबर उतरवणारा माणूस अशा एका पत्राशी अडखळतो, आणि त्याला कळतसुद्धा नाही.

पत्राचा मजकूर साधारण असा असतो : ‘आपल्या कामगिरीचा विचार करून १ एप्रिलपासून आपल्या मूळ वेतनात ८ टक्के वाढ देण्यात येत आहे. तसेच १ जुलैपासून आपणांस वरिष्ठ पर्यवेक्षक या पदावर, G5 या श्रेणीत, बढती देण्यात येत आहे.’ खाली तक्ता. सध्याचं मूळ वेतन ४०,०००, सुधारित मूळ वेतन ४६,५००. पत्रावर तारीख १८ जून.

आता सांगा, एप्रिलमध्ये या माणसाचा बेसिक किती?

तो आकडा पत्रात कुठेच नाही. ४०,००० वर ८ टक्के म्हणजे ४३,२००. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांचा हा बेसिक. पत्र लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटली नाही, कारण पत्र त्या माणसासाठी लिहिलंय आणि त्याला शेवटी हातात किती येणार एवढंच बघायचं असतं. पेरोलला मात्र प्रत्येक तारखेला काय होतं ते लागतं. म्हणून एका पत्राच्या यादीत एकापेक्षा जास्त ओळी होतात. मी त्या अशा लिहितो :

```
emp_code,eff_date,reason,field,old,new,source
00417,2025-04-01,INCREMENT,BASIC,40000,43200,CALC
00417,2025-07-01,PROMOTION,BASIC,43200,46500,LETTER
00417,2025-07-01,PROMOTION,GRADE,G4,G5,LETTER
00417,2025-07-01,PROMOTION,DESIG,Supervisor,Sr Supervisor,LETTER
```

शेवटचा रकाना बघा. जो आकडा पत्रात छापलाय त्यापुढे LETTER आणि जो मी हिशेबाने काढलाय त्यापुढे CALC. CALC लिहिलेली एकही ओळ एचआरच्या होकाराशिवाय सिस्टीममध्ये चढवायची नाही. ४०,००० वर ८ टक्के हा हिशेब शाळकरी पोरगंही करेल, मान्य. पण ८ टक्के बेसिकवर की ग्रॉसवर, हे काही पत्रांत नुसतं ‘वेतनात’ म्हणून सोडून दिलेलं असतं. शिवाय पूर्णांक करायचा नियम काय? ३८,६५० वर साडेसात टक्के धरले तर ४१,५४८ रुपये ७५ पैसे होतात, आणि पत्रात ४१,५५० दिसतात. पुढच्या दहाला नेऊन ठेवलेत. तो नियम कळला की असले फरक सोडून देता येतात. त्या नियमात न बसणारा फरक दिसला, तर आकडा स्वतः ‘दुरुस्त’ करू नका, विचारा.

आता चुका कशा होतात ते बघू. पहिला माणूस घाईत एकच ओळ लिहितो, ४६,५००, १ एप्रिलपासून. तीन महिने दरमहा ३,३०० जास्त, म्हणजे ९,९०० जादा गेले. दुसऱ्याला ‘पत्रात प्रमोशनची तारीख जुलै आहे ना’ एवढंच लक्षात राहतं. तो ४६,५००, १ जुलैपासून अशी एकच ओळ लिहितो. एप्रिल ते जून दरमहा ३,२०० कमी, म्हणजे ९,६०० बुडाले. एकाच फोल्डरमध्ये दोघांच्या हातून अशी एकेक चूक झाली, तर दोन चुका मिळून एकूण बेरजेत फरक पडतो फक्त ३०० चा. आणि नवे बेसिक जुलैमध्ये दोघांचेही बरोबरच असतात! म्हणून ‘नव्या पगारांची बेरीज एचआरच्या शीटशी जुळली’ या वाक्यावर मी फार विसंबत नाही.

त्याऐवजी साखळी तपासतो. एका माणसाच्या ओळी तारखेप्रमाणे लावायच्या आणि वरच्या ओळीतला new खालच्या ओळीतल्या old ला जुळतो का बघायचं. वरच्या उदाहरणात ४३,२०० ला ४३,२०० जुळतो. एकच ओळ लिहिणाऱ्याची साखळी ४०,००० वरून थेट ४६,५०० वर उडी मारते. उडी म्हणजे सव्वासोळा टक्के, आणि पत्रात तर आठच टक्के लिहिलेत. तिथे थांबायचं.

बेसिकच्या चुकीचे पैसे निदान दिसतात तरी. ग्रेडची तारीख चुकली की नुकसान आडवाटेने होतं. समजा G4 ला ओव्हरटाइम मिळतो आणि G5 ला मिळत नाही. प्रमोशनची ओळ चुकून १ एप्रिलची लागली, तर सिस्टीम मागे जाऊन एप्रिल ते जूनचा दिलेला ओव्हरटाइम वसुलीला काढते. त्या बिचाऱ्याला जुलैच्या स्लिपवर प्रमोशनबरोबर वसुली दिसते. म्हणून ग्रेडची ओळ बेसिकच्या ओळीत कधीच मिसळू नका, तिला तिची स्वतःची तारीख द्या. उलटही होतं. काही वर्षी सगळ्या श्रेणींची नावंच बदलतात, G4 चं B2 होतं. पत्रात ‘सुधारित श्रेणी’ असं दिमाखात लिहिलेलं असतं, पण ते प्रमोशन नसतं. reason मध्ये PROMOTION लिहिलंत की पुढे कुठल्यातरी अहवालात अख्ख्या विभागाला बढती मिळालेली दिसेल.

आता थकबाकी. पत्र १८ जूनचं, जूनचा पेरोल समजा १५ तारखेला बंद झालेला. म्हणजे एप्रिल ते जूनचे बेसिकचे ९,६०० जुलैच्या पगारात जाणार, शिवाय बेसिकच्या टक्क्यावर चालणारे भत्ते आणि त्या काळातल्या ओव्हरटाइमचा फरक. हे सगळं यादीत लिहायचं नाही. यादीत फक्त लागू तारीख. मागच्या तारखेची ओळ आली की सिस्टीम स्वतःच एरियर्स काढते. मदत करावी म्हणून कुणी यादीत ९,६०० ची वेगळी ओळही टाकली, तर ते पैसे दोनदा जातात. सिस्टीम मागचा हिशेब करत नसेल, तर एरियर्सची यादी वेगळी बनवा आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही घ्या.

एक किस्सा सांगतो. मी एका ठिकाणी होतो, नाव सोडा. साठ-बासष्ट पत्रं आली होती. हाताखालचा मुलगा हुशार, वेगाने उतरवत होता. मी त्याला म्हटलं, ‘पत्रातला जुना बेसिकही उतरव.’ तो म्हणाला, ‘सर, जुना तर आपल्या सिस्टीममध्ये आहेच की. डबल काम कशाला?’ तरी उतरवला. मग पत्रातला जुना आणि सिस्टीममधला जुना शेजारी ठेवले. पहिली वीसेक पत्रं जुळली. त्यानंतर एकही जुळेना. नीट बघितलं तर प्रत्येकाच्या पत्रात त्याच्या पुढच्या माणसाचा जुना बेसिक. मेल मर्जच्या शीटमध्ये मध्येच एका रकान्यातला एक सेल डिलीट झाला होता आणि खालचे आकडे एक एक घर वर सरकले होते. टक्के बरोबर, तारखा बरोबर, पत्रं दिसायला देखणी. नवा आकडाही त्या चुकीच्या जुन्यावरून बरोबर काढलेला. नुसता नवाच उतरवला असता, तर आम्ही चाळीस जणांना शेजाऱ्याचा पगार लावला असता. नशीब, पत्रं अजून वाटलेली नव्हती.

एखाद्याच पत्रात जुना जुळला नाही, तर गोष्ट वेगळी असते. पत्रात जुना ३६,०००, सिस्टीममध्ये ३७,५००. शोधलं तर फेब्रुवारीत त्याला खास दुरुस्ती मिळालेली, आणि पत्रांसाठीचा डेटा जानेवारीत काढलेला. पत्र म्हणतं ८ टक्के, नवा ३८,८८०. ते तसंच लावलं तर प्रत्यक्षात वाढ १,३८० ची, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. ३७,५०० वर ८ टक्के दिले तर ४०,५००. यातलं खरं कुठलं, हे पेरोलने ठरवायचं नसतं. ती ओळ HOLD मध्ये टाकायची आणि दोन्ही आकडे लिहून एचआरला पाठवायची.

बाकी एक्सेलचे नेहमीचे उपद्व्याप. 00417 चं 417 होतं, त्यामुळे कोडचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. 01/07 ला कुणाचा कॉम्प्युटर १ जुलै वाचतो, कुणाचा ७ जानेवारी, म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. आणि पत्रं मोजा. आलेली पत्रं म्हणजे बदल झालेले, ‘यंदा बदल नाही’ म्हणणारे आणि HOLD मधले, या तिघांची बेरीज. ‘बदल नाही’ची पत्रं लोक बाजूला टाकतात आणि मग दोन पत्रं कमी का पडतात म्हणून संध्याकाळ घालवतात.

मागून एका बाईंनी विचारलंय, यादी चढवल्यावर सुधारित पत्र आलं तर आधीची ओळ खोडायची का?

चढवलेली नसेल तर खुशाल बदला, पत्राचा नवा क्रमांक मात्र नोंदवा. चढवलेली असेल तर खोडायची नाही. समजा नवं पत्र म्हणतं, १ जुलैपासून बेसिक ४६,५०० नाही, ४७,२००. त्या पत्राच्या तक्त्यात जुना परत ४०,०००च छापलेला असेल, त्याला फसू नका. तुमच्या ओळीत old सध्या लागू असलेला ४६,५००, new ४७,२००, तारीख १ जुलैच, reason मध्ये CORRECTION. जुलैचा पगार गेला असेल तर ७०० चा फरक ऑगस्टमध्ये निघेल. आणि एप्रिलच्या ४३,२०० ला हात लावायचा की नाही, ते एचआरला तेव्हाच विचारून घ्या, कारण नव्या पत्रातही तो आकडा छापलेला नसणार.