शिक्क्याखालचा नंबर

नमस्कार श्रोतेहो. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने कॉलेजला जाण्यासाठी ऑनलाइन हेल्मेट मागवलं. किंमत चारशेच्या आत. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, 'शंभर टक्के आयएसआय'. खोकं उघडल्यावर मागच्या बाजूला तो ओळखीचा शिक्काही दिसला. तरीही ते हेल्मेट आम्ही परत पाठवलं. का, ते आज सांगते, म्हणजे तुम्हालाही घरबसल्या तपासता येईल.

आयएसआय हा शिक्का देते भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे बीआयएस. खरा शिक्का कधी एकटा नसतो. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली परवान्याचा. दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आहे आयएस ४१५१. खालचा क्रमांक सुरू होतो 'सीएम, तिरकी रेघ, एल' या इंग्रजी अक्षरांनी, CM/L, आणि पुढे आकडे. हा परवाना एका ठरावीक कारखान्याला, ठरावीक मालासाठी दिलेला असतो. वर-खाली काहीच नसेल आणि नुसताच शिक्का असेल, तर तो कुणीही छापू शकतो.

भाच्याच्या हेल्मेटवर मात्र क्रमांक होता. म्हणून मोबाइलवर बीआयएसचं मोफत अ‍ॅप घेतलं. त्याचं नाव BIS Care. त्यात परवाना तपासण्याचा पर्याय आहे, Verify Licence Details. तिथे क्रमांक टाकला आणि परवाना निघाला! भाचा म्हणाला, "बघ मावशी, खरं आहे." पण अर्धे लोक इथेच फसतात. क्रमांक सापडला म्हणजे तो खरा आहे, एवढंच कळतं. तो या हेल्मेटचा आहे का, हे अजून बघायचं असतं. आम्ही खाली वाचत गेलो. परवानाधारकाचं नाव वेगळं, पत्ता वेगळा, आणि मानक तर हेल्मेटचं नव्हतंच. दुसऱ्याच कुठल्यातरी मालाचा खरा क्रमांक उचलून इथे चिकटवलेला होता.

तेव्हा अ‍ॅपमधली माहिती आणि हातातली वस्तू समोरासमोर ठेवून वाचायची. कारखान्याचं नाव किंवा ब्रँड जुळतो का, मानक त्याच वस्तूचं आहे का, आणि परवाना आज चालू आहे का. मुदत संपलेल्या परवान्यावरही विक्री चाललेली असते. जाहिरातीतल्या फोटोत क्रमांक पुसट असेल, तर विकणाऱ्याकडे शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मागा. त्याऐवजी तो प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल पाठवत असेल, तर तो परवाना नव्हे. अहवाल त्या एका नमुन्याचा असतो.

आता विजेच्या वस्तूंकडे येऊ. इस्त्रीवर, तीन पिनांच्या प्लगवर आयएसआय शिक्काच हवा. मोबाइलचा चार्जर आणि पॉवर बँक यांची मात्र नोंदणी वेगळ्या पद्धतीने होते. त्यांच्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, R- आणि पुढे आकडे. त्याच अ‍ॅपमध्ये तो तपासायची वेगळी जागा आहे. म्हणूनच चार्जरच्या जाहिरातीत 'आयएसआय प्रमाणित' असं दिसलं की मी तिथेच थांबते. विकणाऱ्याला आपल्या मालावर कोणती खूण लागते हेच ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो खोटं बोलतोय. आणि 'सीई' ही अक्षरं युरोपच्या बाजारासाठी असतात. आपल्याकडे ती बीआयएसच्या खुणेची जागा घेऊ शकत नाहीत.

खेळण्यांवर आयएसआय शिक्का १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. बिनविजेच्या खेळण्याचं मानक आयएस ९८७३, आणि सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्याचं आयएस १५६४४. दिवे लागणाऱ्या, गाणाऱ्या बाहुलीवर फक्त ९८७३ छापलेलं असेल, तर विचारा. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट आहे. तेव्हा सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एखाद्या कारागिराच्या लाकडी खेळण्यावर शिक्का दिसला नाही, म्हणून त्याला लगेच खोटं ठरवू नका. त्याची नोंदणी विचारा.

भाच्याच्या हेल्मेटचं पुढे काय झालं? परत पाठवण्याआधी आम्ही शिक्क्याचे, खोक्यावरच्या पत्त्याचे आणि बिलाचे फोटो काढले, जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेतला. माल हातातून गेला की पुरावाही जातो, म्हणून हे आधी. मग त्याच अ‍ॅपमधल्या तक्रारीच्या पर्यायातून सगळं बीआयएसला पाठवलं. पैसे अडले असते तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन होतीच, पण ते परत मिळाले. पुढचं हेल्मेट भाच्याने दुकानात जाऊन घेतलं. काउंटरवर उभं राहून त्याने आधी क्रमांक टाकला, मग परवानाधारकाचं नाव मोठ्याने वाचलं, आणि दुकानदाराने हेल्मेट उलटं करून तेच नाव त्याला दाखवलं.