सूज उतरतेय की चढतेय?

[दृश्य: नाशिक जिल्ह्यातली द्राक्षबाग, सकाळची वेळ. कात्र्यांचा आवाज, भरत आलेले क्रेट.]

निवेदन:
फेब्रुवारीत बागांमधून माल निघायला लागतो. तडकलेल्या गोड मण्यांवर गांधीलमाश्या बसलेल्या असतात, आणि पानाआड लपलेल्या घडाला हात घातला की पहिला डंख तिथेच बसतो. आपण एका बाईंचा हात आठवडाभर बघणार आहोत. गोष्ट रचलेली आहे, पण असा हात गावातल्या कोणत्याही डॉक्टरला ओळखीचा वाटेल.

डंख उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, मधल्या बोटाच्या मुळाशी बसलाय. आग आग होते. कुणी चुना लावायला सांगतं, कुणी विळ्याचं पातं घासायला. दोन्ही नकोच. चुन्याने कातडी भाजते, आणि घासण्याने जंतूंना आयतं दार मिळतं. साबणाने हात धुवायचा, गार पाण्याची पट्टी ठेवायची आणि सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठी काढून ठेवायची. नंतर त्या निघत नाहीत, कापाव्या लागतात. मधमाशी असती तर कातडीत अडकलेला काटा नखाने खरवडून लगेच काढावा लागला असता. गांधीलमाशी सहसा काटा मागे सोडत नाही.

पहिल्या तासाभरात लक्ष हातापेक्षा माणसाकडे ठेवायचं. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, तर ती जिवावरची ॲलर्जी आहे. तिथे थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. या बाईंना तसं काही झालेलं नाही.

[दृश्य: दुसरा दिवस, सकाळ. घराचा ओटा. दोन्ही हात शेजारी शेजारी मांडीवर.]

निवेदन:
दुसऱ्या दिवशी हात टम्म फुगलाय. बोटांच्या पेरांवरचे खळगे दिसत नाहीत, सूज मनगटाच्या वर आलीय. सासूबाई म्हणतात, "सेप्टिक झालं गं, सुई टोचून घे." भीती वाटावी असाच तो हात आहे, पण बहुतेक वेळा हे सेप्टिक नसतं.

डंखाच्या विषामुळे शरीरात हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यातलं पाणी कातडीखाली झिरपतं. रक्तपुरवठा वाढतो, म्हणून जागा गरम लागते. काही जणांमध्ये ही सूज दहा सेंटिमीटरच्याही पुढे पसरते, पहिल्या एक-दोन दिवसांत कळसाला पोचते आणि मग पाच ते दहा दिवसांत हळूहळू ओसरते. म्हणजे नुसती सूज किंवा नुसता गरमपणा बघून जंतुसंसर्ग आहे की नाही, हे ठरवता येत नाही. दोन्हीकडे तेच दिसतं.

मग विचारायचं काय? खाज जास्त, की ठणका जास्त? या बाई बोलता बोलता दुसऱ्या हाताने सारखं खाजवताहेत. दाबलं तर ताणल्यासारखं वाटतं, पण त्या हात मागे ओढत नाहीत. अंगात ताप नाही. हे सगळं ॲलर्जीकडे बोट दाखवतं. हात उंच ठेवायचा, गार पट्टी चालू ठेवायची, खाजेसाठी डॉक्टरांना विचारून सेट्रिझिनसारखी गोळी घ्यायची. ॲन्टिबायोटिकचं इथे काही काम नाही.

आणि एक पेन घ्यायचं.

[दृश्य जवळून: निळ्या बॉलपेनने लालीच्या कडेने काढलेली रेघ. बाजूला लिहिलेलं "मंगळवार, स. ८".]

निवेदन:
लाली जिथे संपते तिथे कडेकडेने रेघ मारायची आणि वेळ लिहायची. "कालपेक्षा वाढलंय का?" यावर घरात चार माणसांची चार मतं असतात. रेघ मारली की वाद उरत नाही.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाल रंग लाल दिसेलच असं नाही. तो तांबूस, जांभळट किंवा नुसताच गडद दिसतो. तिथे कडा बोटांनी शोधावी लागते: कातडी घट्ट आणि चकचकीत कुठपर्यंत आहे, दाबल्यावर दुखतं कुठपर्यंत. गरमपणा तळहाताने नको, बोटांच्या मागच्या बाजूने बघायचा. आधी चांगल्या हातावर, मग सुजलेल्या हातावर, त्याच जागी.

तिसऱ्या दिवशी सूज रेघेच्या आत आलीय. बाई कामावर गेल्या. खाज मात्र आहेच, आणि नखं लागून डंखाच्या जागी खपली निघालीय.

[दृश्य: पाचवा दिवस, संध्याकाळ. हात उशीवर ठेवलेला.]

निवेदन:
पाचव्या दिवशी उतरलेली सूज पुन्हा चढली. खाज गेली, ठणका सुरू झाला. बोट लावलं की बाई हात झटकन मागे घेतात. लाली मंगळवारच्या रेघेच्या बाहेर गेलीय. दुपारपासून कणकण आहे. ॲलर्जीची सूज अशी ओसरून, दोन दिवसांनी ठणका आणि ताप घेऊन सहसा परत येत नाही. फुटलेल्या खपलीतून स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू आत शिरलेत.

आणि मनगटापासून कोपराकडे एक पुसट लाल पट्टा निघालाय.

कातडीखाली लसिकावाहिन्यांचं बारीक जाळं असतं. त्यांतला द्रव हातातून वर, काखेतल्या गाठींकडे जातो. जंतू या वाहिन्यांत शिरले की त्यांच्या भिंती सुजतात आणि वरून तो मार्ग लाल रेघेसारखा दिसतो. पट्ट्यावर दाबलं तर दुखतं. काखेत हात घातला तर दुखरी गाठ लागते, म्हणजे अवधाण आलेलं असतं. नखांच्या ओरखड्यांशी गल्लत करू नका. ओरखडे आखूड असतात, वाटेल त्या दिशेने जातात. हा पट्टा जखमेपासून निघून काखेकडे चाललेला असतो. पायाला चावलं असेल तर जांघेकडे.

पट्टा दिसला की सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधुमेह असेल तर पट्टा दिसेपर्यंतही थांबू नये. पायाला बधिरपणा असला तर ठणका जाणवतच नाही. लाली तासातासाला सरकत असेल, दिसतं त्यापेक्षा दुखणं फारच जास्त असेल, कातडी काळीनिळी पडली असेल, फोड आले असतील किंवा माणूस बरळायला लागला असेल, तर छोट्या दवाखान्यात वेळ न घालवता मोठं रुग्णालय गाठावं.

[दृश्य: दवाखाना. डॉक्टर दुसऱ्या रंगाच्या पेनने नवी रेघ काढताहेत.]

निवेदन:
डॉक्टर विचारतात, "ताई, काही लावलं होतंत का?" लावलं होतं, मेडिकलमधून आणलेलं एक मलम. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉईड असतं. त्याने लाली दबते आणि आत जंतू वाढत राहतात.

बाईंचा ताप किरकोळ आहे, नाडी ठीक आहे, गोळ्या पोटात राहताहेत. म्हणून तोंडाने घ्यायचं ॲन्टिबायोटिक, सुरुवातीला पाच दिवसांचं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं, तेही विचारून घेतलं. हुडहुडी भरून ताप किंवा उलट्या असत्या तर भरती करून शिरेतून औषध द्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी लाली नव्या रेघेच्या किंचित बाहेर दिसते. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नये. जंतू मरत असतानाही पहिल्या दिवसभरात असं होऊ शकतं. आधी ताप आणि ठणका उतरतो, लाली मागाहून. पण ४८ ते ७२ तासांत काहीच फरक पडला नाही तर परत दाखवायचं. आत पू साठलेला असू शकतो. तो चीर देऊन काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.