उताराच्या तलावात पाणी किती?

(दृश्य: रिकामा तलाव, सकाळचं ऊन, तळाच्या निळ्या फरश्या)

वडोदरा. एप्रिलचा पहिला आठवडा. सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायच्या आधी हा पोहण्याचा तलाव रिकामा करून घासला आहे. वर्षातले हे दोन-तीन दिवसच असे, की तलावाचा तळ डोळ्यांना दिसतो आणि त्यावरून चालता येतं. मोजायचं असेल तर आत्ताच.

लांबी २५ मीटर, रुंदी १० मीटर. उथळ टोकाच्या भिंतीवर रंगवलंय १.२०, खोल टोकाला २.००. या चार आकड्यांवरून बहुतेक जण पाणी काढतात ते असं: दोन्ही खोल्यांची बेरीज ३.२०, तिची निम्मी १.६०, गुणिले २५, गुणिले १०. चारशे घनमीटर. म्हणजे चार लाख लिटर.

(दृश्य: तलावात उभं राहून लांब भिंतीकडे बघणारा कॅमेरा)

पद्धत चुकीची नाही. ही लांब भिंत बघा. वरची कड सपाट, खालची कड तिरकी, दोन्ही बाजू उभ्या आणि एकमेकींना समांतर. एक आखूड, एक लांब. शाळेत शिकलेला समलंब चौकोन तो हाच, फक्त आडवा पडलेला. समांतर बाजूंची बेरीज, भागिले दोन, गुणिले त्यांच्यातलं अंतर, हे त्याचं क्षेत्रफळ. समांतर बाजू म्हणजे दोन टोकांच्या खोल्या, आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे तलावाची लांबी. हाच आकार या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ सरकवत नेला की झाली चिती, इष्टिकाचितीची सख्खी बहीण. तिची ‘उंची’ इथे उभी नाही. ती तलावाची रुंदी आहे. मुलं इथेच अडखळतात, कारण वहीत चिती नेहमी तळावर उभी काढलेली असते.

सूत्र पक्कं आहे. त्यात घालायच्या खोल्या मात्र तपासायला हव्यात.

(दृश्य: काठाची फरशी, तिच्याखाली जुन्या पाण्याची पांढरट रेघ)

ही रेघ गेल्या वर्षीच्या पाण्याची. काठाच्या फरशीपासून ती १५ सेंटिमीटर खाली आहे, आणि पाणी तिच्यावर कधीच ठेवत नाहीत. भिंतीवरचे १.२० आणि २.०० हे आकडे मात्र काठापासून मोजलेले आहेत. पाण्याची खोली उथळ टोकाला १.०५ आणि खोल टोकाला १.८५. सरासरी १.४५. चारशेचे झाले ३६२.५ घनमीटर. १५ सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण ते २५० चौरस मीटरांवर पसरलेले आहेत. इथे प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे अडीच हजार लिटर.

(दृश्य: पारदर्शक नळीतलं पाणी, भिंतीवर पेन्सिलची खूण)

आता मधली खोली. पाण्याने भरलेल्या नळीने दोन्ही लांब भिंतींवर पांढऱ्या रेघेच्याच पातळीच्या खुणा केल्या आहेत, दर अडीच मीटरला एक. समोरासमोरच्या खुणांना लाइनदोरी ताणायची आणि दोरीपासून ओळंबा तळाला टेकवायचा. दोरी आडवी, म्हणजे दहा मीटरच्या रुंदीत ताणलेली आहे. पंचवीस मीटर लांब दोरी कितीही ओढली तरी मध्ये दोन-तीन सेंटिमीटर झोल घेते, आणि तेवढीच खोली कमी भरते. टेपचा मात्र फार धाक नको. उतारावरून टेप टाकली तर या तळावर लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त येते. पाण्याच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाही. जीव ओतायचा तो खोलीवर.

तलाव सरळ उताराचा असेल तर साडेबारा मीटरवर, बरोबर मध्ये, खोली १.४५ यायला हवी.

‘काका, मध्ये किती?’

‘एक बावीस.’

(दृश्य: ओळंबा तळाला टेकलेला, दोरी स्थिर)

तेवीस सेंटिमीटरचा फरक झोलाने पडत नाही. तळ मध्ये कुठेतरी मोडलाय. तो मोड शोधायला ओळंबा उथळ टोकापासून खुणेखुणेने पुढे न्यायचा. सुरुवातीला दर अडीच मीटरला खोली तीन-साडेतीन सेंटिमीटरने वाढते. पंधरा मीटरला १.२५ येते. तिथून पुढे प्रत्येक खुणेला १५ सेंटिमीटर: १.४०, १.५५, १.७०, १.८५. मोड पंधरा मीटरवर आहे. असा तळ मुद्दाम ठेवतात, शिकणाऱ्यांना उभं राहायला जास्त जागा मिळावी म्हणून. काठावरून, भरलेल्या पाण्यातून, तो सरळच भासतो.

म्हणून एका चितीच्या दोन करायच्या. पहिली पंधरा मीटरची: १.०५ आणि १.२५, सरासरी १.१५, क्षेत्रफळ १७.२५ चौरस मीटर. दुसरी दहा मीटरची: १.२५ आणि १.८५, सरासरी १.५५, क्षेत्रफळ १५.५. एकूण ३२.७५ चौरस मीटर, गुणिले रुंदी १०. तीनशे साडेसत्तावीस घनमीटर. चारशेच्या हिशेबातलं साडेबहात्तर हजार लिटर पाणी कधी नव्हतंच. क्लोरीनची मात्रा याच आकड्यावर ठरते: लिटरमागे एक मिलिग्रॅम वाढवायला ६५ टक्क्यांची पावडर सुमारे ५०४ ग्रॅम लागते, चारशे धरले तर ६१५ टाकली जाते.

(दृश्य: नळ उघडतो, पाणी खोल टोकाकडे धावतं)

सकाळचे सहा. पाण्याचा मीटर शून्यावर लिहून घेतला. ताशी पंधरा घनमीटरचा नळ आहे. आपला हिशेब खरा की खोटा, हे कळायला तलाव भरेपर्यंत थांबावं लागत नाही. पाणी आधी खोल टोकाशी पाचरीसारखं साठतं, आणि ओली कड तळावरून हळूहळू वर सरकते.

(दृश्य: ओली कड फरशीच्या सांध्यावर)

ही कड मोडाला पोचली की खाली त्रिकोणी चिती भरलेली असते: दहा मीटर लांब, एका टोकाला साठ सेंटिमीटर खोल, दुसऱ्याला शून्य. तिच्यात तीस घनमीटर. आठ वाजताहेत, कड मोडावर आहे, मीटरवर तीस.

इथून कड एकदम वेग घेते. खोल भागात पाणी साठ सेंटिमीटर चढेपर्यंत ती दहाच मीटर सरकली होती. आता पाणी वीस सेंटिमीटर चढेल, तेवढ्यात ती पंधरा मीटर धावेल. तळ मोडलेला आहे हे याहून स्वच्छ दिसायचं नाही.

(दृश्य: ओली कड उथळ भिंतीला टेकते, मीटर जवळून)

दहा वाजून वीस मिनिटं. कड उथळ भिंतीला टेकली. मीटरवर पासष्ट. तळ एकाच सरळ उताराचा असता तर या क्षणी मीटरने शंभर दाखवले असते.

आता तळ सगळा झाकला. यापुढचं पाणी उभ्या भिंतींमध्येच चढणार, दर सेंटिमीटरला अडीच घनमीटर, कुठे कमी-जास्त नाही. रेघेपर्यंत एकशे पाच सेंटिमीटर, म्हणजे २६२.५ घनमीटर बाकी.

(दृश्य: रात्र, काठावरचा दिवा, पाणी पांढऱ्या रेघेला लागलेलं)

दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमाराला नळ बंद केला. मीटरवरचा आकडा तीनशे अठ्ठावीस.