हातचा बाहेर पडला म्हणजे उत्तर चुकलं का?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित)

मे महिन्यातल्या दुपारच्या तीन नोंदी घ्या: ४५, ४६ आणि ४४ अंश. आपल्याकडे हे काही नवल नाही. सरासरीसाठी त्यांची बेरीज ८ बिटांच्या चिन्हांकित खान्यात केली, तर १३५ च्या जागी −१२१ मिळतात. तीनने भागा, सरासरी उणे चाळीस! त्या खान्यात −१२८ ते १२७ एवढंच मावतं. म्हणून १३५ मधून २५६ वजा झाले.

फळ्यावर ४ बिटच घेऊ. टू'ज कॉम्प्लिमेंटमध्ये सर्वांत डावीकडच्या बिटाची किंमत −८ असते, बाकीच्यांची नेहमीसारखी ४, २, १. म्हणून `1101` म्हणजे −८+४+१, म्हणजेच −३. आवाका −८ ते ७. हे पक्कं असलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

```
  0101   (5)       1101   (-3)
+ 0100   (4)     + 0101   (5)
  1001   (-7)    1 0010   (2)
```

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, उजवीकडच्या बेरजेत हातचा बाहेर पडला, मग ते उत्तर चूक ना?" नाही, −३ आणि ५ मिळून २ च होतात. चूक डावीकडे आहे, आणि तिथे तर बाहेर काहीच पडलेलं नाही. बाहेरचा हातचा बिनचिन्ह संख्यांसाठी कामाचा. चिन्हांकित बेरजेत त्याच्या एकट्यावर भरवसा ठेवू नका.

मग बेरीज आवाक्याबाहेर गेली, म्हणजे ओव्हरफ्लो झाला, हे ओळखायचं कसं? चिन्हाच्या घरात आत येणारा हातचा पाहा आणि तिथून बाहेर जाणाराही पाहा. ५+४ मध्ये आत १ आला, बाहेर ० गेला. आत येणाऱ्या हातच्याची किंमत +८ असते, पण घरात उरलेला १ वाचला जातो −८ म्हणून. उत्तर नेमकं १६ ने घसरतं: ९ चे −७. उलट −५ आणि −४ घ्या, म्हणजे `1011` आणि `1100`. आत ० येतो, बाहेर १ जातो आणि −९ ऐवजी ७ उरतात. −३+५ मध्ये मात्र आतही १, बाहेरही १, हिशोब जुळतो. दोन्ही हातचे वेगळे असले की ओव्हरफ्लो, सारखे असले की नाही. म्हणून सर्किटमध्ये त्या दोघांवर एक एक्स-ऑर गेट लावलं की झालं.

हातच्यांऐवजी नुसती चिन्हं पाहूनही हेच कळतं: दोन्ही संख्यांचं चिन्ह एक आणि उत्तराचं वेगळं, तर ओव्हरफ्लो. विरुद्ध चिन्हांच्या बेरजेत तो होऊच शकत नाही, कारण उत्तर त्या दोघांच्या मधेच कुठेतरी पडतं.

एक कोपरा मात्र सांभाळा. −८ चं चिन्ह बदलायला `1000` चे बिट उलटवले की `0111`, त्यात १ मिळवला की परत `1000`. आत हातचा आला, बाहेर गेला नाही: ओव्हरफ्लो. ८ ला या आवाक्यात जागाच नाही.