फोन जवळ आहे, पण माणूस?

[दृश्य: टेबलावर क्रोमबुक. शेजारी फोन. झाकण उघडतं.]

क्रोमबुक लॉक झालेलं आहे. मालक खुर्चीत बसतो, हातातला फोन उघडतो आणि लॅपटॉपवर स्वतःच्या चित्रावर क्लिक करतो. पासवर्ड न टाकताच काम सुरू. या सोयीचं नाव स्मार्ट लॉक. ती लावायला दोन्हीकडे एकच गूगल खातं लागतं, ब्लूटूथ चालू लागतं आणि फोनला स्वतःचं स्क्रीन लॉक असावं लागतं. Settings मध्ये Connected devices इथे फोन जोडायचा, एकदा पासवर्ड द्यायचा, की झालं.

पण फोन जवळ आहे हे लॅपटॉपला कळतं कसं?

त्याच्याकडे मोजपट्टी नसते. फोनकडून येणारा ब्लूटूथचा सिग्नल किती जोरात ऐकू येतो, एवढंच त्याला समजतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो. हा हिशोब कागदावर छान बसतो. घरात बसत नाही, कारण मध्ये माणूस असतो.

[दृश्य: फोन मागच्या खिशात जातो. माणूस लॅपटॉपसमोर बसतो.]

शरीरात पाणी भरपूर, आणि ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं. समजा खिशातल्या फोनचा सिग्नल शरीरामुळे १२ डेसिबलने घटला. १२ म्हणजे दोनदा ६, म्हणजे अंतर चौपट. फोन एक मीटरवर आहे, लॅपटॉपला मात्र तो चार मीटरवर वाटतो. आता मर्यादा कडक ठेवली तर समोर बसलेल्या मालकालाच दार उघडत नाही आणि तो वैतागून सोय बंद करतो. म्हणून मर्यादा सैल ठेवावी लागते. आणि सैल मर्यादेत स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडा पडलेला फोनही बसतो. मालक चहा टाकतोय, बाहेरच्या खोलीत कुणीतरी लॅपटॉपवर क्लिक करतं. काहीही हॅक केलेलं नाही. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं.

विंडोजचं डायनॅमिक लॉक याच सिग्नलवर चालतं, पण उलट्या दिशेने. फोन टप्प्याबाहेर गेला की साधारण मिनिटभरात लॅपटॉप लॉक होतो. उघडण्याचं काम ते करत नाही. त्यामुळे त्याची चूक कमी महागात पडते. फक्त फोन टेबलावर विसरून उठलात तर लॉक होणारच नाही.

[दृश्य: नकाशासारखं रेखाटन. दोन टोकांना दोन छोटी यंत्रं.]

आता मुद्दाम केलेली फसवणूक. दोन माणसं, दोन यंत्रं. एक यंत्र फोनच्या मालकाजवळ, दुसरं लॅपटॉपजवळ. एकाने ऐकायचं, दुसऱ्याने तसंच्या तसं पुन्हा बोलायचं. निरोप सांकेतिक असला तरी अडत नाही, कारण तो फोडायचाच नसतो, फक्त पोचवायचा असतो. २०२२च्या मे महिन्यात एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हे फोनने उघडणाऱ्या टेस्लाच्या मॉडेल ३ गाडीवर करून दाखवलं. फोन गाडीपासून सुमारे २५ मीटर दूर होता, तरी गाडी उघडली. मध्ये भर पडलेला उशीर होता जेमतेम ८ मिलिसेकंदांचा.

उशिरावरून ही चलाखी पकडता येईल, असं वाटतं. पण ८ मिलिसेकंदांत प्रकाश २,४०० किलोमीटर जातो, आणि साध्या ब्लूटूथमध्ये उत्तर यायला इतका वेळ रोजच लागतो. दोन मीटर की दोनशे, हा फरक या घड्याळाला दिसतच नाही. त्यासाठी लहरीच्या जाण्यायेण्याचा काळ नॅनोसेकंदांत मोजावा लागतो. एका नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर. ॲपलने २०१६मध्ये मनगटावरच्या घड्याळाने मॅक उघडायची सोय आणली, ती अशाच मोजणीवर.

साध्या ब्लूटूथवर मग खरा पहारेकरी एकच उरतो: फोन स्वतः उघडा असण्याची अट. खिशातल्या लॉक फोनचा निरोप कितीही लांब पोचवा, लॅपटॉप नाही म्हणतो. पण हॉटेलात पैसे द्यायच्या रांगेत फोन हातात उघडाच असतो आणि लॅपटॉप टेबलावर राहिलेला असतो. चोराला हाच क्षण हवा.

[दृश्य: मनगटावरचं घड्याळ, मग फोन, मग लॅपटॉप.]

ही अट आपणच पोकळ करतो. अँड्रॉइडमध्ये घड्याळ किंवा इयरफोन विश्वासू म्हणून नोंदवला, तर तो जवळ असेपर्यंत एकदा उघडलेला फोन चार तासांपर्यंत उघडा राहू शकतो. म्हणजे घड्याळामुळे फोन उघडा, फोनमुळे लॅपटॉप उघडा. टेबलावरचा तो फोन उचलणाऱ्याला एकही कुलूप आडवं येत नाही. दोन्ही सोयी एकदम लावू नका; घड्याळाची आधी काढा.

तुमच्या घरात टप्पा किती, ते दहा मिनिटांत कळतं. लॅपटॉप लॉक करा. एकाने फोन उघडा धरून एकेका खोलीत जायचं, दुसऱ्याने प्रत्येक वेळी क्लिक करून पाहायचं. फोन एकदा हातात, एकदा मागच्या खिशात. बंद दाराआडूनही लॅपटॉप उघडला, तर अंतराचा पर्याय असल्यास तो सगळ्यात जवळचा निवडा आणि पुन्हा फिरा. तरीही उघडला, तर त्या घरात पासवर्डच बरा.