काल ४,२००, आज ५,०००: विमान तेच, मग तिकीट का वाढलं?

नमस्कार मंडळी. सोयाबीन घरात आलं, दिवाळी तोंडावर आली, की आपल्याकडं घरोघरी एकच विषय निघतो. पोरं पुण्यात कामाला आहेत, ती येणार कशी? रेल्वेला लांबलचक वेटिंग, खासगी बसचे भाव चढलेले. मग कोणीतरी म्हणतं, विमानाचं बघ ना एकदा. रात्री मोबाईलवर पुणे-नागपूर बघितलं तर ४,२००. घरात विचारू, सकाळी काढू, म्हणून ठेवून दिलं. सकाळी तेच विमान, तीच वेळ, आणि भाव ५,०००.

यावर मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे, की दादा, आपण वारंवार बघतो म्हणून मोबाईल ओळखतो आणि भाव वाढवतो का? ब्राउझरची हिस्ट्री पुसून बघा, गुप्त खिडकीत उघडून बघा, असले सल्लेही फिरतात. भाव वाढायचं नेहमीचं कारण तुमच्या मोबाईलमध्ये सापडत नाही. ते त्या विमानाच्या विक्रीत आहे, आणि ते एकदा समजलं की तिकीट कधी काढायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

[स्क्रीनवर: १८० सीटचं विमान]

धरून चला, विमानात १८० सीट आहेत. बसायला सगळ्या सारख्या. पण विकताना कंपनी त्यांचे भावाप्रमाणं गट पाडते. या धंद्यात त्याला फेअर बकेट म्हणतात, आणि प्रत्येक गटाला इंग्रजीतलं एकेक अक्षर असतं. उदाहरणासाठी आकडे घेऊ. पहिल्या २० सीट ४,२०० ला. त्या संपल्या की पुढच्या २५ सीट ५,००० ला. मग ६,१००, मग ७,५००, असं करत शेवटच्या थोड्या सीट ११,००० ला. खिडकीची सीट, मधली सीट याचा इथं संबंध नाही. तुमच्याआधी किती जणांनी तिकीट काढलं, त्यावर तुमचा गट ठरतो. रात्री तुम्ही बघितलं तेव्हा ४,२०० वाल्या गटात दोनच सीट उरल्या असतील. त्या दुसऱ्या कोणी घेतल्या, आणि सकाळी तुमच्यासमोर पुढचा गट आला.

उलटंही होतं. कोणी तिकीट रद्द केलं, किंवा विक्री मंद आहे असं कंपनीला दिसलं, तर खालचा गट परत उघडतो आणि भाव उतरतो.

आता यातली एक गोष्ट नीट बघा, कारण इथं घरच्या माणसांचे पैसे जातात. समजा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून चौघं जण, आईबाबा आणि दोन मोठी मुलं, नागपूरहून पुण्याला निघाली आहेत. ४,२०० च्या गटात दोन सीट उरल्या आहेत. तुम्ही चौघांचं एकत्र शोधलं, तर चार सीट एकाच गटात मिळत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी सिस्टीम चौघांनाही वरचा भाव लावते. ५,००० गुणिले चार, २०,००० रुपये. तेच तुम्ही आधी दोघांचं काढलं आणि मग दोघांचं, तर ८,४०० अधिक १०,०००, म्हणजे १८,४००. विमान तेच आणि १,६०० रुपये वाचले.

हे कळायचं कसं? आधी एकाच प्रवाशाचा भाव बघा, मग चौघांचा. माणशी भाव वेगळा दिसला, तर खालच्या गटात चार सीट नाहीत हे समजून घ्या. मात्र बुकिंग दोन झाली की पीएनआरही दोन होतात. विमान रद्द झालं, वेळ बदलली, तर दोन्हीचं वेगवेगळं बघावं लागतं. लहान मूल किंवा आधाराची गरज असलेले आजी-आजोबा सोबत असतील, तर पैशासाठी त्यांना वेगळ्या पीएनआरवर टाकू नका.

आता दुसरा प्रश्न. विमान उद्या उडणार, २० सीट रिकाम्या आहेत, तरी भाव ११,०००. का? आठवडी बाजारात संध्याकाळ झाली की भाजीवाली उरलेली मेथी कमी भावात काढते. विमान कंपनी तसं का करत नाही?

याचा हिशेब केन लिटलवूड यांनी १९७२ साली मांडला. ते बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत होते. हिशेब साधा आहे. आज समोर ४,००० देणारा गिऱ्हाईक आहे. ही सीट ठेवली तर शेवटच्या दिवशी १०,००० देणारा कोणी येईल का? तो यायची शक्यता शंभरात चाळीसपेक्षा जास्त वाटत असेल, तर आज सीट न विकणं कंपनीला परवडतं, कारण १०,००० चे चाळीस टक्के म्हणजे ४,०००. शेवटच्या दिवशी येणारा माणूस कोण असतो? कोणाच्या घरी मयत झालेली असते, कोणाची मुलाखत असते, कोणाला दवाखान्यात पोहोचायचं असतं. त्याला थांबता येत नाही आणि कंपनीला ते माहीत असतं. मला हे बोचतं. पण म्हणूनच सांगतो, शेवटी भाव पडेल या आशेवर सणाचं तिकीट ठेवू नका.

तारखेचा आणखी एक फास आहे. काही स्वस्त भावांना अटच असते, की प्रवासाच्या ७, १४ किंवा २१ दिवस आधी तिकीट काढलं तरच मिळेल. ती मुदत गेली की सीट रिकाम्या असल्या तरी तो गट बंद होतो. म्हणून १५ दिवस आधी दिसलेला भाव १३ दिवस आधी एकदम उडी मारू शकतो.

मग काढायचं कधी? साध्या दिवसांत, मंगळवार-बुधवारच्या विमानाला, महिनाभर आधी बघायला लागलं तरी बरेचदा चालतं. दिवाळीला नाही. दिवाळीआधी पुण्याहून नागपूरकडं येणारी विमानं भरतात, भाऊबीज झाली की नागपूरहून पुण्याकडं जाणारी. त्याच दिवसांत उलट्या दिशेला मागणी कमी असते. म्हणजे पोरांनी इकडं यायच्याऐवजी आईबाबाच दिवाळीला पुण्याला गेले, तर दोन्ही वेळेला कमी गर्दीचं विमान मिळतं. सुट्टी मिळत नसलेल्या पोरांच्या घरी याचा जरूर विचार करा.

तिकीट काढल्यावर भाव उतरला, तर लगेच रद्द करू नका. आधी रद्द करायचं शुल्क किती ते बघा, बहुतेकदा फरक त्यातच जातो. आणि प्रवासच रद्द झाला, तर नॉन-रिफंडेबल तिकिटावरही विमानतळाचं शुल्क आणि कर परत मिळायला हवेत, तसा विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा नियम आहे. ते मागून घ्या.

अमरावतीकरांसाठी एक सांगतो. आपल्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, ते अलायन्स एअरचं एटीआर, सत्तरेक सीटचं. सीट कमी, म्हणून प्रत्येक गटही लहान, आणि एकच लग्नाचं वऱ्हाड दोन-तीन गट संपवू शकतं. याच कंपनीनं १३ ऑक्टोबर २०२५ पासून त्या वर्षअखेरपर्यंत ‘फेअर से फुरसत’ नावाचा प्रयोग काही निवडक मार्गांवर केला. कधीही काढा, उडायच्या दिवशी काढा, भाव तोच. तो प्रयोग आपल्या बेलोऱ्याच्या विमानाला कायमचा लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत वऱ्हाडाचं तिकीट काढायच्या आधी एका माणसाचा भाव बघून घ्या.